व्हेंटमधून वाफ दिसत नसेल, तर नळीभोवती हवा आहे

*प्रश्न: सर, मी नागपूरला एम.टेक. करतोय. काचेच्या आडव्या सिलिंडरमध्ये (व्यास १५० मिमी, लांबी ६०० मिमी) तांब्याची २० मिमी नळी आहे, वाफेत उघडी लांबी ५०० मिमी. आतून थंड पाणी, वाफेसाठी १.५ किलोवॉटचा बॉयलर, वरचा व्हेंट किंचित उघडा. गेज शून्यावर असतो म्हणून वाफेचं तापमान ९९ अंश धरलं, थर्मामीटर मात्र ९६ दाखवतो. पाणी मिनिटाला २ लिटर असताना ते ९ अंश तापतं, नळीची भिंत ७९ अंशांवर असते आणि उष्णतावहनाचा गुणांक, म्हणजे कन्डेन्सेशन कोएफिशियंट, २,००० येतो. ३ लिटर केलं तर ६ अंश तापतं, भिंत ६५, गुणांक १,१८०. नुसेल्टचं सूत्र तर जवळजवळ ११,००० सांगतं. गाइड म्हणतात हवा आहे. थोड्याशा हवेने इतका फरक पडतो का? आणि ती येते कुठून?*

हवेकडे नंतर येऊ. आधी तुमच्याच आकड्यांचा एक गुणाकार करा. २ लिटर गुणिले ९ अंश म्हणजे १८. ३ लिटर गुणिले ६ अंश म्हणजेही १८. पाणी दीडपट केलं, भिंत चौदा अंशांनी थंड झाली, तरी पाण्याने उचललेली उष्णता तसूभरही बदलली नाही. दोन्ही वेळा ती साधारण १.२५ किलोवॉट आहे. आता बॉयलरवरची पाटी बघा, १.५ किलोवॉट. उरलेला पाव किलोवॉट बॉयलरच्या अंगातून, पाइपातून आणि काचेतून निघून जातो. म्हणजे बॉयलर देतो तेवढी सगळी वाफ नळी गिळते आहे आणि व्हेंटमधून बाहेर काहीच पडत नाही. तुम्ही मोजलात तो नळीचा गुणांक नाही, तो हीटरचा वॉटेज आहे.

तरी गाइडचं म्हणणं चूक नाही. हवा आहे, आणि भरपूर आहे. फक्त ती किती असावी हे तुमचा हीटर ठरवतो. हे पटायला हवा नेमकं काय करते ते समजून घ्यावं लागेल.

शुद्ध वाफ थंड नळीवर येते तेव्हा तिच्या वाटेत एकच अडथळा असतो, नळीवर साचलेल्या पाण्याचा पातळ पापुद्रा. नुसेल्टने १९१६ साली त्याच पापुद्र्याचा हिशेब मांडला. आडव्या नळीसाठी त्याचं सूत्र तुम्ही वापरलंच आहे:

```
h = 0.725 [ρ(ρ−ρv) g λ k³ / (μ D ΔT)]^(1/4)
```

२० मिमी नळी आणि वीस अंशांचा फरक घातला की १०,९०० च्या आसपास येतो, वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. तुमचा हिशेब बरोबर आहे. पण या सूत्रात वाफ पापुद्र्यापर्यंत कशी पोहोचते याबद्दल एक अक्षरही नाही. वाफ शुद्ध असेल तर तो प्रश्न उद्भवत नाही. पाणी झालेल्या वाफेची जागा रिकामी होते आणि मागची वाफ आपोआप पुढे सरकते.

त्यात थोडी हवा मिसळा. वाफेचा ओघ नळीकडे जाताना हवेलाही सोबत ओढून नेतो. पापुद्र्यापाशी पोहोचल्यावर वाफेचं पाणी होतं, हवेचं काही होत नाही, ती तिथेच उरते. पीठ चाळताना कोंड्याचं जे होतं तेच. डब्यात कोंडा मूठभरच असतो, पण जाळीवर बघाल तर सगळा तोच दिसतो, आणि नवीन पिठाला त्याच्यातून वाट काढत खाली यावं लागतं. नळीभोवती हवेचं असंच एक कवच तयार होतं. मागून येणाऱ्या वाफेच्या रेणूंना त्या कवचातून विसरणाने, म्हणजे डिफ्युजनने, जावं लागतं. डिफ्युजन हे फार सावकाशीचं काम आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कवचात हवा वाढली म्हणजे तिथला वाफेचा आंशिक दाब घटला, कारण एकूण दाब सगळीकडे सारखाच असतो. आंशिक दाब घटला की वाफ ज्या तापमानाला पाणी होते तेही घटतं. म्हणून पापुद्र्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ९९ अंश नसतात. तिथे ८५ असतील, ८१ असतील. तुम्ही वीस अंशांचा फरक धरून भागाकार करता, पण त्यातले बरेचसे अंश पापुद्र्याबाहेर, हवेच्या कवचातच खर्च झालेले असतात.

आता आकडे घालू. कवचाची जाडी मी २ मिलिमीटर धरतो. हा आकडा माझ्या पदरचा आहे. संथ वाफेत, बाहेरून झोत नसताना तो अवाजवी नाही, पण निसर्गनियमही नाही. वाफेला वेग असेल तर कवच झिजून पातळ होतं. पाण्याच्या वाफेचा हवेतला विसरणांक १०० अंशांच्या आसपास ०.३८ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद असतो. तो, इथला दाब आणि वाफेची सुप्त उष्णता एकत्र केली की कवचातून जाऊ शकणारी उष्णता अशी येते:

```
q ≈ 25 × ln(y_i / y_b)   kW/m²
```

`y_i` म्हणजे पापुद्र्यालगतचा हवेचा हिस्सा, `y_b` म्हणजे सिलिंडरमधला, दोन्ही आकारमानाने. हीच उष्णता पुढे पापुद्र्यातून नळीत जायची असते. म्हणून पापुद्र्याच्या पृष्ठभागाचं तापमान अंदाजाने धरायचं, दोन्ही बाजूंनी उष्णता काढायची आणि त्या जुळेपर्यंत अंदाज हलवत राहायचं. कॅल्क्युलेटरवर चार-पाच फेऱ्यांत जमतं.

सिलिंडरमध्ये १ टक्का हवा आणि भिंत ७९ अंशांवर धरू. पृष्ठभागाला ८५.४ अंश मानलं तर तिथला वाफेचा दाब ५९ किलोपास्कलच्या आसपास येतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, म्हणून इथला हवेचा दाब साधारण ९७.७ किलोपास्कल, आणि म्हणूनच तुम्ही पाणी ९९ अंशांना उकळतं धरलंत ते योग्य. ९७.७ मधून ५९ गेले की उरलेला दाब हवेचा, म्हणजे पृष्ठभागावर हवेचा हिस्सा ४० टक्के. लांब १ टक्का, नळीलगत ४०. त्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम ३.७, गुणिले २५ म्हणजे प्रति चौरस मीटर सुमारे ९२ किलोवॉट. पापुद्र्याच्या बाजूने साडेसहा अंशांच्या फरकाला जवळजवळ तेवढेच येतात, म्हणून अंदाज बरोबर. ९२ ला पूर्ण वीस अंशांनी भागा, गुणांक ४,६००. शुद्ध वाफेत १०,९०० होता. एका टक्क्याने निम्म्याहून जास्त नेला.

ही नुसती कागदावरची करामत नाही. ऑथमरने १९२९ मध्ये तांब्याच्या नळीवर प्रयोग केले तेव्हा अर्धा टक्का हवेने गुणांक जवळजवळ निम्मा झालेला आढळला होता. माझा साधा हिशेब त्याच घरातला आकडा देतो, यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा नाही.

आता थर्मामीटरकडे या, कारण लोक इथेच फसतात. १ टक्का हवेत वाफेचा आंशिक दाब ९६.७ किलोपास्कल आणि तापमान सुमारे ९८.७ अंश. फरक फक्त ०.३ अंशाचा! तुमच्या लॅबमधला थर्मामीटर तो दाखवणार नाही, आणि दाखवला तरी तुमचा विश्वास बसणार नाही. गेज तर एकूण दाब दाखवतो, त्याला हवा आणि वाफ यातला भेद कळतच नाही. गुणांक निम्म्यावर येईल इतकी हवा आत असताना गेज आणि थर्मामीटर दोघेही ‘सगळं ठीक’ म्हणत असतात.

तुमचा थर्मामीटर मात्र तीन अंश खाली आहे. ९६ अंशांना वाफेचा दाब ८७.७ किलोपास्कल. एकूण ९७.७. मधले दहा हवेचे, म्हणजे दहा टक्के हवा. वरचीच रीत वापरून दहा टक्क्यांना उष्णता काढा. पृष्ठभाग ८१ अंशांवर येतो, तिथे हवेचा हिस्सा जवळजवळ निम्मा, आणि उष्णता ४० किलोवॉट प्रति चौरस मीटर. तुमच्या नळीचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर. गुणाकार १.२५ किलोवॉट, गुणांक २,०००. तुमचं मोजमाप आणि माझा हिशेब इतके जुळले यात २ मिलिमीटरच्या अंदाजाचं थोडं नशीबही आहे, पण गोष्ट तीच आहे.

आता मुद्दा हीटरचा. तुमची नळी शुद्ध वाफेत भिंत ७९ वर ठेवून काम करायची तर तिला ६.८ किलोवॉट हवेत. बॉयलरकडे सव्वा आहे. तुम्ही प्रयोग सुरू करता, नळी वाफ भराभर निववते, बॉयलर पुरा पडत नाही, सिलिंडरमधला दाब कणभर उतरतो. व्हेंट उघडाच आहे. बाहेरची हवा आत शिरते. हवा शिरली की कवच जाड होतं, नळीची भूक मंदावते. हे कुठवर? नळीला लागणारी वाफ आणि बॉयलर देतो ती वाफ बरोबर होईपर्यंत. त्या क्षणी हवा शिरणं थांबतं आणि तुम्हाला वाटतं प्रयोग स्थिर झाला. स्थिर झालाच आहे, फक्त हवेची चावी बॉयलरच्या हातात आहे.

पाणी ३ लिटर केलंत तेव्हा भिंत ६५ वर आली, नळीची भूक वाढली, व्हेंटने आणखी हवा आत घेतली. माझ्या हिशेबाने त्या वेळी हवा साडेचौदा टक्क्यांच्या आसपास असायला हवी आणि थर्मामीटर ९५ च्या किंचित खाली. वहीत ती नोंद असेल तर बघा. नसेल तर उद्या पाणी वाढवून थर्मामीटरवर डोळा ठेवा. कूलिंग वॉटर वाढवल्यावर वाफेचं तापमान उतरतं हे दिसलं की दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. व्हेंट बंद करून पाहू, असं मनात येईल. तसं केलंत तर सिलिंडरमध्ये निर्वात होऊन तीच हवा गॅस्केटमधून येईल. आणि काचेचं सिलिंडर निर्वातासाठी बनवलेलं नसेल तर ते धोक्याचंही आहे, तो प्रयोग करू नका.

हवा येते कुठून याचं एक उत्तर व्हेंट झालं. दुसरं, ती आधीपासूनच आत असते. तुमचं सिलिंडर साडेदहा लिटरचं आहे. थंड असताना त्यात सुमारे १२ ग्रॅम हवा असते. गरम सिलिंडरमध्ये दहा टक्के हवा म्हणजे जेमतेम १ ग्रॅम. म्हणजे सुरुवातीच्या हवेचा बारावा भाग जरी आत राहिला तरी बाहेरून काही न शिरता तुमची दहा टक्क्यांची बेगमी झाली. आणि ती राहतेच, कारण बहुतेक पोरं आधी कूलिंग वॉटर सुरू करतात आणि मग वाफ सोडतात. मॅन्युअलमध्येही कित्येकदा तसंच छापलेलं असतं. नळी थंड असताना आलेली वाफ हवेला बाहेर ढकलायच्या आधीच पाणी होऊन खाली टपकते. वाफेने हवा हाकलायची असेल तर नळी कोरडी आणि गरम पाहिजे.

तिसरी वाट फीड वॉटरची. साध्या नळाच्या पाण्यात एका किलोमागे वीसेक मिलिग्रॅम हवा विरघळलेली असते. उकळताना ती वाफेसोबत येते आणि सिलिंडरमध्ये साचते. तुमच्याकडे तासाला दोन किलो वाफ, म्हणजे तासाला ४० मिलिग्रॅम. १ टक्क्याला ९७ मिलिग्रॅम लागतात, म्हणजे व्हेंटमधून काहीच बाहेर जात नसेल तर अडीच तासांत फक्त पाण्यातल्या हवेने तुमचा गुणांक निम्मा केला असता. बॉयलरमधलं पाणी आधी अर्धा तास खळखळून उकळा आणि वाफ बाहेर सोडून द्या. मधे गार पाण्याची भर घालू नका, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न.

व्हेंटच्या जागेबद्दल थोडं बोलतो, कारण तुमचा वर आहे. ‘गरम हवा वर जाते’ हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं, पण इथे शर्यत हवेची आणि वाफेची आहे. हवेचा रेणूभार २९, वाफेचा १८. एकाच तापमानाला हवा वाफेपेक्षा दीडपट जड. त्यात नळीलगतचं हवेने भरलेलं मिश्रण थंडही असतं, म्हणून ते आणखी जड होऊन नळीवरून खाली घसरतं. संथ सिलिंडरमध्ये हवा तळाशी बसते. तुमची वाफ कुठून येते ते लिहिलेलं नाही. तीही वरून येत असेल तर व्हेंटमधून ताजी वाफ निघून जाणार आणि हवा खाली निवांत पडून राहणार. व्हेंट वाफेच्या प्रवेशापासून सगळ्यात लांबच्या टोकाला, खालच्या बाजूला, पण कंडेन्सेटच्या पातळीच्या वर घ्या.

कारखान्यातही हेच तत्त्व आहे, फक्त आकडे मोठे. माझी बरीच वर्षं औष्णिक केंद्रांतल्या कंडेन्सरवर गेली. एका ठिकाणी ऐन मे महिन्यात व्हॅक्यूम उतरायला लागला. सगळ्यांनी एकमुखाने नळ्यांतल्या क्षारांवर खापर फोडलं, मीही त्यात होतो. लोड उतरवून, वॉटर बॉक्स उघडून दोन दिवस नळ्या साफ केल्या. चालू केल्यावर व्हॅक्यूम जिथल्या तिथे. तेव्हा एका वयस्कर ऑपरेटरने विचारलं, “साहेब, दुसरा व्हॅक्यूम पंप लावून पाहिला का?” लावला, आणि काटा लगेच सरकला. क्षारांमुळे अडलं असतं तर दुसऱ्या पंपाने काही फरक पडला नसता, कारण पंप क्षार ओढत नाही, हवा ओढतो. पुढे दाढीचा फेस घेऊन एकेक जोड तपासत गेलो. टर्बाइनच्या कमी दाबाच्या बाजूच्या एका व्हॉल्व्हच्या ग्लॅंडवर फेस लावला आणि तो डोळ्यांदेखत आत ओढला गेला. ग्लॅंड पॅकिंग बदलायला वीस मिनिटं लागली. तुमचं पाणी वाढवून थर्मामीटर बघणं आणि आमचा दुसरा पंप लावणं, दोन्ही एकाच जातीच्या चाचण्या आहेत. एक गोष्ट हलवायची आणि हवेचा अडथळा हलतो का ते बघायचं.

आता तुमचा सेट-अप कसा दुरुस्त करायचा. बॉयलर मोठा घ्या असं सांगणं सोपं आहे, पण कॉलेजात खरेदीला किती महिने लागतात ते मला ठाऊक आहे. म्हणून उलट करा, नळी लहान करा. ५०० पैकी मधली १०० मिलिमीटर उघडी ठेवा आणि बाकीच्या लांबीवर टेफ्लॉनची जाड बाही चढवा. आतलं पाणी मात्र वाढवा, मिनिटाला अकरा लिटरपर्यंत. शुद्ध वाफेत या तुकड्यावर भिंत ८५ च्या आसपास स्थिरावेल, फरक चौदा अंशांचा राहील आणि उष्णता साधारण १.०५ किलोवॉट. बॉयलर सव्वा देतो, म्हणजे पाचवा-सहावा हिस्सा वाफ व्हेंटमधून बाहेर पडत राहील. ती दिसायला हवी. व्हेंटच्या तोंडापासून बोटभर अंतरावर पांढरा पिसारा सलग असेल तर आत हवा शिरू शकत नाही. पिसारा तुटक झाला, फुसफुसला, की ते रीडिंग फेकून द्या.

नळी तीच ठेवून पाणी कमी करणं हा सोपा उपाय वाटेल. त्याची अडचण सांगतो. सव्वा किलोवॉट वाफ शुद्ध असेल तर ५०० मिमीच्या नळीवर पापुद्र्यातला फरक जेमतेम दोन अंशांचा उरतो, भिंत ९७ वर. तुमच्या थर्मोकपलची चूक एक अंश असेल, आणि असतेच, तर गुणांकात पन्नास टक्के घोळ. चांगला दिसेल असा आकडा येईल, पण त्यावर विश्वास ठेवता येणार नाही. चौदा अंशांच्या फरकात तीच एक अंशाची चूक सात टक्क्यांवर येते.

अकरा लिटरला पाणी फक्त दीडेक अंश तापेल, म्हणून पाण्याच्या तापमानवाढीवरून उष्णता काढण्याच्या भानगडीत पडू नका. कंडेन्सेट मोजा. नळीखाली अरुंद पन्हाळ लावा, बाहेर मेजरिंग सिलिंडर आणि घड्याळ. मिनिटाला सुमारे २८ ग्रॅम अपेक्षित आहेत, दहा मिनिटांत २८०. काचेच्या भिंतीवर निवलेलं पाणी पन्हाळीत येऊ देऊ नका, ते वेगळं खाली जाऊ द्या. बाहीवर किती निवतं ते बघायला एकदा उघडा तुकडाही झाकून दहा मिनिटं गोळा करा आणि ते वजा करा. एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी दुपारी चांगलंच तापलेलं असतं, म्हणून रीडिंग सकाळी घ्या, नाहीतर तासाभरात भिंतीचं तापमान सरकत राहील आणि तुम्ही दोष हवेला द्याल.

क्रम असा ठेवा. बॉयलर उकळू द्या, पाणी बंद, नळी रिकामी, व्हेंट पूर्ण उघडा. सिलिंडर आणि नळी ९९ च्या जवळ येईपर्यंत थांबा. आत येणारी वाफ हवेत पूर्ण मिसळत असेल तर सिलिंडर एकदा भरण्याइतक्या वाफेने ३७ टक्के हवा उरते, पाच पटींनी एक टक्क्याच्या खाली आणि सात पटींनी हजारात एक भाग. एकदा भरायला सहा ग्रॅम वाफ लागते, म्हणजे बॉयलर दहा-बारा सेकंदांत एक भरणी देतो. पण सुरुवातीची बरीच वाफ काच तापवण्यात जाते आणि कोपऱ्यांतली हवा मिसळायला वेळ घेते. म्हणून काच तापल्यानंतरही पंधरा मिनिटं वाफ जाऊ द्या. मग पाणी हळूहळू सुरू करा आणि नजर पिसाऱ्यावर ठेवा.

हे सगळं करूनही गुणांक नुसेल्टपेक्षा जास्त, पंधरा-वीस हजार आला तर आनंदाने नाचू नका. टॉर्च मारून नळी बघा. बोटांचं तेल लागलेल्या तांब्यावर पाण्याचा सलग पापुद्रा न बनता थेंब बनतात, आणि थेंबांचा गुणांक पापुद्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. नळी साबणाने धुऊन, विसळून, परत हात न लावता बसवा.

शुद्ध वाफेचा आकडा हाती आला की मगच हवेचा परिणाम मोजायला घ्या. हवा सिलिंडरमध्ये नाही, वाफेच्या पाइपमध्ये सोडा, छोट्या रोटामीटरमधून मोजून. इथे एक खाच आहे, आणि निरनिराळ्या लोकांचे आकडे जुळत नाहीत त्याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं. समजा मिनिटाला ३३ ग्रॅम वाफ येते, २८ नळीवर निवते, ५ व्हेंटमधून जातात. तुम्ही मिनिटाला ७० मिलिलिटर हवा सोडली. येणाऱ्या वाफेत ती ०.१५ टक्के आहे. पण २८ ग्रॅम वाफ वाटेत पाणी होते आणि हवा सगळीच्या सगळी त्या ५ ग्रॅमसोबत बाहेर पडते. तिथे ती १ टक्का असते. सिलिंडर चांगलं मिसळलेलं असेल तर नळीला भेटते ती हीच १ टक्क्याची वाफ. आलेखात आडव्या अक्षावर ०.१५ मांडलंत तर तुमची हवा ऑथमरपेक्षा सहापट जहाल दिसेल.

शिवाय हवा सोडल्याबरोबर नळी कमी निववते, म्हणून व्हेंटचा हिस्सा ५ वर राहत नाही, वाढतो, आणि हवा पुन्हा पातळ होते. दर वेळी वीस मिनिटं थांबा आणि व्हेंटची वाफ बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या नळीच्या वेटोळ्यातून नेऊन तीही मोजा. वेटोळ्याच्या टोकाला उलटा भरलेला मेजरिंग सिलिंडर पाण्यात धरला तर वाफ निवून फक्त हवा त्यात जमते, आणि रोटामीटरच्या आकड्याशी ताळा घेता येतो. वेटोळ्यातली हवा बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मगच वाचा.

आणि अहवालात शब्द जपून वापरा. तुम्ही ज्याला कन्डेन्सेशन कोएफिशियंट म्हणता ती उष्णतावहनाची राशी आहे, वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंशमधली. याच नावाची दुसरी एक बिनएककाची राशी आहे, पृष्ठभागावर आदळणाऱ्या वाफेच्या रेणूंपैकी किती अडकतात ते सांगणारी. व्हायव्हात बाहेरचा परीक्षक तीच धरून बसला तर अर्धा तास दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत बसाल. हवा तुमचा गुणांक पाडते ती वाफेला पृष्ठभागापर्यंत पोहोचू न देऊन. पोहोचलेल्या रेणूंच्या अडकण्यात ती लक्षणीय ढवळाढवळ करत नाही.

पाणी वाढवल्यावर थर्मामीटर किती उतरला तेवढं कळवा. ९४ आणि ९५ च्या मधे असेल तर माझे २ मिलिमीटर ठीक आहेत. ९३ च्याही खाली गेला तर तुमच्या सिलिंडरमध्ये वाफेची हालचाल मी समजतो त्यापेक्षा जास्त आहे, कवच पातळ आहे, आणि मग वरचे सगळे हिशेब नवी जाडी घालून पुन्हा करावे लागतील.